धडधड एकच, बिघाड दोन

सामना सुरू होण्याआधी किंवा प्रश्नपत्रिका हातात पडण्याआधी छातीत धडधडू लागते, तळहातांना घाम येतो, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो आणि नुकतेच जाऊन आलेले असले तरी पुन्हा लघवीला लागते. ही सारी लक्षणे शरीरातल्या एकाच यंत्रणेची आहेत. समोरचा प्रसंग महत्त्वाचा आहे आणि त्याचा शेवट काय होईल हे सांगता येत नाही, असे मेंदूला वाटले की मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन रक्तात सोडतात. हृदय वेगाने चालू लागते, श्वास जलद होतो, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. पचन मंदावते, म्हणून पोटात विचित्र वाटते. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बोटे गार पडतात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५मध्ये या प्रतिक्रियेचे वर्णन केले. संकट आले की लढायला किंवा पळायला शरीर अशी तयारी करते, असे त्यांनी दाखवून दिले. कबड्डीचा सामना आणि बीजगणिताचा पेपर यांत फरक आहे हे शरीराला कळत नाही. दोन्ही वेळा तयारी तीच होते.

ही तयारी म्हणजे दुबळेपणाची खूण नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. पोटात इतकी कालवाकालव होती की त्या दिवशी काही न खाता फक्त काळा चहा घेऊन आपण रेंजवर आलो, असे त्याने नंतर पत्रकारांना सांगितले. वर्षानुवर्षे नेम धरून झाल्यावरही, देशासाठी खेळताना पोट आवळले गेले आणि तरीही नेम लागला. शालेय खेळाडूने यातून उपाशी राहण्याचा धडा घेऊ नये. पचन मंदावलेले असते हे धरून स्पर्धेच्या दोन-तीन तास आधी पोहे, इडली, केळे असे हलके काही खाल्लेले बरे.

ॲड्रेनलिनबद्दलची एक गोष्ट माहीत असली की पुढचे बरेचसे समजायला सोपे जाते. रक्तात सोडलेले ॲड्रेनलिन फार वेळ टिकत नाही. दोन-तीन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. तरीही काही मुलांची धडधड सकाळपासून दुपारपर्यंत का थांबत नाही? कारण मनात तोच विचार पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक खेपेला ग्रंथींना नव्याने निरोप जातो. म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. एक शरीराची खळबळ आणि दुसरी मनातली काळजी. रॉबर्ट लीबर्ट आणि लॅरी मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये परीक्षेच्या भीतीचे हेच दोन भाग वेगळे केले. गुण कमी पडण्याशी मुख्यतः काळजीचा संबंध आहे, धडधडीचा फारसा नाही, असे त्यांना आढळले. हात थरथरत असलेला विद्यार्थी चांगला पेपर लिहू शकतो. ‘नापास झालो तर घरी काय सांगू’ हे वाक्य डोक्यात सतत घोळवणाऱ्या विद्यार्थ्याला ते अवघड जाते, मग त्याचे हात स्थिर का असेनात.

खळबळ किती असावी, हे कामावर ठरते. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. उंदरांना पांढऱ्या आणि काळ्या पेटीतला फरक ओळखायला शिकवले आणि चुकीच्या पेटीत गेल्यास विजेचा सौम्य किंवा जोराचा झटका दिला. फरक ठळक असताना झटका जितका जोराचा, तितके शिकणे लवकर झाले. फरक ओळखणे अवघड केले तेव्हा मात्र मध्यम झटक्याने शिकणे सर्वांत लवकर झाले आणि जोराच्या झटक्याने काम बिघडले. उंदरांवरून माणसाबद्दल सरसकट नियम काढता येत नाही आणि पाठ्यपुस्तकांत छापलेली उलट्या ‘यू’सारखी गुळगुळीत रेषा प्रत्यक्षात इतकी नीट कधी दिसत नाही. पण त्यातली मुख्य गोष्ट अनुभवाला धरून आहे. गोळाफेकीला जितकी खळबळ मानवते, तितकी वर्गसमीकरणाला मानवत नाही. म्हणून एकाच मुलीला ऑक्टोबरच्या एका आठवड्यात जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा आणि प्रथम सत्र परीक्षा दोन्ही असतील, तर दोन्हींसाठी एकच उपाय पुरत नाही.

फळीवरचा पाय

लांब उडीचे उदाहरण घेऊन पाहू. दहावीतली एक मुलगी चौदा पावलांचा रन-अप घेते. शाळेच्या मैदानावर महिनोन्‌महिने मोजून तिने सुरुवातीची खूण पक्की केली आहे. त्या खुणेपासून धावत आले की चौदावे पाऊल बरोबर टेकऑफच्या फळीवर पडते. फळी २० सेंटिमीटर रुंद असते. तिच्या पुढच्या रेषेपलीकडे पाय गेला की फाउल. पाय मागे पडला तर फाउल होत नाही, पण मोजणी रेषेपासून होत असल्यामुळे तेवढे अंतर फुकट जाते.

स्पर्धेच्या दिवशी रक्तात ॲड्रेनलिन असते. स्नायू अधिक जोराने काम करतात आणि पाऊल नकळत थोडे लांब पडते. प्रत्येक पाऊल फक्त २ सेंटिमीटर लांबले, तरी चौदा पावलांत २८ सेंटिमीटरचा फरक पडतो. तो फळीच्या रुंदीपेक्षा जास्त आहे. सरावात एकदाही फाउल न करणारी मुलगी जिल्ह्याच्या मैदानावर पहिल्याच उडीला फाउल करते ते यामुळे. तिचे तंत्र बिघडलेले नसते, उलट ती नेहमीपेक्षा वेगाने धावलेली असते. जाणकार क्रीडाशिक्षक अशा वेळी ‘घाबरू नकोस’ म्हणत बसत नाहीत. स्पर्धेआधीच्या सरावात तिला त्या मैदानावर दोन-तीनदा पूर्ण वेगाने पळवतात, पाय कुठे पडतो ते पाहतात आणि खूण तेवढी मागे सरकवतात. खळबळीचा असा हिशेब केला की तोच जोर उडीला उपयोगी पडतो.

खरा बिघाड यानंतर होतो. पहिला फाउल झाला, लाल झेंडा वर गेला. आता दुसऱ्या उडीच्या वेळी तिची नजर फळीवर खिळते. ‘पाय पुढे जाता कामा नये’ हे ती धावतानाच स्वतःला बजावत राहते. शेवटची तीन-चार पावले ती तोलूनमापून टाकते, पावले आखूड पडतात, वेग जातो आणि उडी सरावापेक्षा अर्धा मीटर कमी भरते. अंगवळणी पडलेल्या हालचालीवर मुद्दाम बारीक लक्ष ठेवले की ती अडखळते. जी क्रिया शेकडो वेळा करून आपोआप होऊ लागली आहे, ती पुन्हा तुकड्या-तुकड्यांत करायचा प्रयत्न झाला की तिची लय मोडते. फ्री थ्रो टाकणारा बास्केटबॉलपटू मनगटाचा विचार करू लागतो, टेबल टेनिसपटू सर्व्हिस करताना कोपराकडे पाहू लागतो, तेव्हाही हेच घडते. मैदानावरचा बिघाड असा जास्तीच्या लक्षामुळे होतो.

वर्गातला बिघाड नेमका याच्या उलट असतो. बीजगणिताच्या पेपरात 6x² − x − 2 = 0 हे समीकरण अवयव पाडून सोडवायचे आहे. गुणाकार −12 आणि बेरीज −1 येईल अशा दोन संख्या हव्यात. विद्यार्थी मनात एकेक जोडी आणतो, चिन्हे तपासतो, नको ती सोडतो आणि −4 व 3 वर येतो. मग पद फोडतो आणि (3x − 2)(2x + 1) मिळवतो. हे होत असताना −12, −1, तपासून झालेल्या जोड्या आणि चिन्हे हे सगळे काही सेकंद मनात धरून ठेवावे लागते. मनात असे तात्पुरते धरून ठेवण्याची जागा फार थोडी असते. ‘मागच्या प्रश्नात दहा मिनिटे गेली’, ‘बाजूच्याने पुरवणी मागितली’ अशी वाक्ये त्याच जागेत शिरली की एखादे चिन्ह निसटते. विद्यार्थी −4 आणि 3 ऐवजी 4 आणि −3 लिहितो, बेरीज +1 येते आणि उत्तर चुकते. घरी आल्यावर हाच प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. विद्यार्थ्याला तो येत होताच, पण त्या वेळी मनात त्याला पुरेशी जागा मिळाली नाही. दडपणाखाली काम का बिघडते याचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या सायन बायलॉक यांनी हे दोन्ही मार्ग तपशिलाने मांडले आहेत. मैदानावर लक्ष नको तिथे जास्त जाते, वर्गात हवे तिथे ते कमी पडते.

शांत हो, असे सांगण्याचा फायदा किती

बहुतेक पालक आणि शिक्षक मुलाला शांत व्हायला सांगतात. छातीत धडधडत असताना हे करणे अवघड असते आणि जमले नाही की ‘मला शांतही होता येत नाही’ ही नवी काळजी जुनीत जमा होते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना गाणे म्हणायला, भाषण करायला आणि गणिते सोडवायला लावली. त्याआधी काहींनी स्वतःला शांत राहायला सांगितले, तर काहींनी मोठ्याने म्हटले की मला उत्साह वाटतो आहे. उत्साहाचे नाव देणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. भीती आणि उत्साह या दोन्हींत शरीर जवळजवळ सारखेच वागते, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणे सोपे असते. शांततेपर्यंत पोहोचायला मात्र शरीराची सगळी गती उलटवावी लागते.

श्वासाचा उपाय याच्या आड येत नाही, मात्र तो नीट करावा लागतो. घाबरलेल्या मुलाला ‘मोठा श्वास घे’ सांगितले की तो छाती फुगवून भराभर श्वास घेतो आणि त्याला उलट गरगरायला लागते. हृदयाची गती श्वास सोडताना मंदावते, घेताना नव्हे. म्हणून नाकाने साधारण चार सेकंद श्वास घ्यावा आणि सहा सेकंद सावकाश सोडावा. असे मिनिटाला सहा श्वास होतात. दोन-तीन मिनिटांत फरक जाणवतो. वर्गात पेपरआधी हे जरूर करावे. लांब उडीच्या ऐन वेळी ते फार करू नये, कारण तिथे जोर हवा असतो. तिथे एक-दोन श्वास पुरतात.

परीक्षेआधी दहा मिनिटे बसून मनातली भीती कागदावर उतरवली की गुण वाढतात, असा निष्कर्ष जेरार्दो रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११मध्ये मांडला होता आणि तो खूप गाजला. नंतर तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फायदा दिसला नाही. ज्याला लिहून हलके वाटते त्याने लिहावे, पण त्यावर विसंबून राहू नये.

मनातला सराव

खेळाडू ज्याला व्हिज्युअलायझेशन म्हणतात ते स्वप्नरंजन नव्हे. एखादी क्रिया प्रत्यक्ष न करता ती मनात संपूर्ण, तिच्या खऱ्या वेगाने आणि अंगात जाणवेल अशी करून पाहणे म्हणजे मनातला सराव. एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्याने १९३०च्या सुमारास दाखवले की हात वाकवल्याची केवळ कल्पना केली, तरी त्या स्नायूत अतिसूक्ष्म विद्युत हालचाल उमटते. पुढे १९८९मध्ये फ्रान्समध्ये जाँ देसेती आणि मार्क जानेरो यांच्या गटाने लोकांना ठरावीक अंतर आधी प्रत्यक्ष आणि मग मनात चालायला सांगितले. दोन्हींना जवळपास सारखाच वेळ लागला. मनातली क्रिया मेंदूच्या बऱ्याच अंशी त्याच व्यवस्थेतून जाते, म्हणून ती खऱ्या क्रियेचा वेळ पाळते. मनातला सराव नीट होतो आहे का हे तपासण्याचे सोपे साधनही यातूनच मिळते, ते म्हणजे साधे स्टॉपवॉच.

वर सांगितलेल्या मुलीचा रन-अप सुमारे २४ मीटर आहे. प्रत्यक्षात तिला खुणेपासून वाळूत पाय टेकेपर्यंत पाच सेकंदांच्या आत-बाहेर वेळ लागतो. डोळे मिटून, पहिल्या पावलाला स्टॉपवॉच सुरू करून तिने मनात उडी घ्यावी आणि वाळूत उतरताच ते थांबवावे. दोन सेकंद आले तर तिने फक्त सुरुवात आणि शेवट पाहिला, मधली पावले गाळली. बारा सेकंद आले तर ती धावलीच नाही, स्वतःला संथ गतीच्या चित्रफितीसारखी पाहत राहिली. पाचाच्या जवळ येऊ लागले की सराव कामाचा.

काय पाहायचे यापेक्षा कुठून पाहायचे हे अधिक महत्त्वाचे. प्रेक्षकांतून आपली उडी पाहिल्यासारखे चित्र अनेकांना आधी दिसते. चुकीची ढब तपासायला ते बरे, पण लयीच्या सरावासाठी चित्र स्वतःच्या डोळ्यांतून यायला हवे. समोर लांबत गेलेला रनवे, त्याच्या टोकाला वाळू, कानात स्वतःच्या स्पाइक्सचा आवाज, चेहऱ्यावर वारा. मुलीने त्यासाठी स्पर्धेतलेच बूट घालावेत, शक्य असेल तर रन-अपच्या खुणेशी उभे राहावे आणि हात हलले तर हलू द्यावेत. खाटेवर आडवे पडून, सैल अंगाने केलेल्या कल्पनेचा उपयोग कमी होतो. पॉल होम्स आणि डेव्हिड कॉलिन्स या क्रीडा मानसशास्त्रज्ञांनी २००१मध्ये मनातल्या सरावाची जी पद्धत मांडली तिचा गाभा हाच आहे. अंगाची ठेवण, जागा, वेळ आणि भावना खऱ्या प्रसंगाच्या जितक्या जवळ नेता येतील तितक्या न्याव्यात. यात भावनाही आली. धडधड वगळून काढलेले चित्र स्पर्धेच्या दिवशी ओळखीचे वाटत नाही, म्हणून मनातल्या उडीआधी छातीतली धडधडही आणावी आणि ती असतानाच धावावे.

या मुलीचा मनातला सराव असा असू शकतो. पंच तिचा क्रमांक पुकारतात. ती खुणेशी येते, एक श्वास सावकाश सोडते. नजर वाळूच्या पलीकडच्या एखाद्या झाडावर ठेवते, फळीवर नाही. मनात एकच शब्द म्हणते, ‘ताल’. मग चौदा पावले, शेवटची दोन जलद, टेकऑफ, गुडघा वर, पाय पुढे, वाळू. हे तीनदा. चौथ्यांदा ती मुद्दाम फाउल पाहते. लाल झेंडा, मागे फिरणे, खूण किती सरकवायची ते सरांना विचारणे, आणि पुन्हा तीच नजर झाडावर, तोच शब्द. मघाशी पाहिलेला खरा बिघाड पहिल्या फाउलनंतरच्या काही मिनिटांत होत होता. त्या मिनिटांत काय करायचे ते मनात आधीच ठरलेले असेल, तर फळीकडे पाहत राहण्याची वेळ येत नाही.

बिघाडाचा असा सराव किती कामाला येतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधले आहे. २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि शेवटच्या टप्प्यात त्याला जवळपास काहीच दिसेना. प्रशिक्षक बॉब बोमन यांनी त्याला वर्षानुवर्षे रोज रात्री आणि सकाळी शर्यत मनात पोहायला लावली होती, अडचणी धरून. भिंत किती हातांवर आहे हे त्याला माहीत होते. त्याने हात मोजले, भिंत गाठली आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. मनातल्या चित्रामुळे तो जिंकला असे म्हणणे मात्र बरोबर नाही. हातांचा तो आकडा प्रत्यक्ष तलावात लक्षावधी मीटर पोहून आलेला होता. चित्रामुळे तो आकडा ऐन वेळी हाताशी राहिला, इतकेच.

या पद्धतीची मर्यादाही हीच आहे. जेम्स ड्रिस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मनातल्या सरावाने फायदा होतो, पण प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी होतो, तो काही आठवड्यांत ओसरत जातो आणि तासन्‌तास डोळे मिटून बसल्याने वाढत नाही, असे त्यांना दिसले. ज्याला टेकऑफ अजून नीट येत नाही, तो मनातही चुकीचाच टेकऑफ पक्का करतो. रोजच्या मैदानावरच्या सरावाला जोडून पाच ते दहा मिनिटे, एवढे शालेय खेळाडूला पुरते.

पेपरासाठी वेगळे चित्र

परीक्षेसाठी हीच युक्ती वापरायला सांगितली की बहुतेक विद्यार्थी निकालाचा दिवस पाहतात. गुणपत्रिकेवर ९५ टक्के, पेढे, वर्गात टाळ्या. हे चित्र सुखाचे असते आणि नेमके तेच निरुपयोगी ठरते. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास या बाबतीत फार मोलाचा आहे. परीक्षेला काही दिवस उरले असताना काहींना रोज पाच मिनिटे चांगले गुण मिळाल्याचे चित्र पाहायला सांगितले, तर काहींना त्या गुणांसाठी स्वतः अभ्यास करत असल्याचे, म्हणजे कुठे बसलो आहे, कोणते प्रकरण उघडले आहे, टीव्ही बंद केला आहे, असे चित्र पाहायला सांगितले. अभ्यासाचे चित्र पाहणाऱ्यांनी प्रत्यक्षात अधिक अभ्यास केला आणि त्यांना गुणही अधिक मिळाले. निकालाच्या चित्राने तसा लाभ झाला नाही. अभ्यासाच्या चित्राचा उपयोग का झाला, हेही त्यांनी शोधले. त्यामुळे नियोजन सुधारले आणि काळजी कमी झाली. मघाशी पाहिलेले, गुण घालवणारे कारण काळजीच होते.

बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, म्हणजे गुणामागे तीन मिनिटे. त्यासाठीचे चित्र उडीच्या चित्रासारखे अंगात जाणवणारे असण्याची गरज नाही. त्यात क्रम आणि निर्णय असायला हवेत. आदल्या संध्याकाळी मुलगी डोळे मिटून पाहते की प्रश्नपत्रिका आली, तिने ती एकदा पूर्ण वाचली, येणाऱ्या प्रश्नांवर पेन्सिलने बारीक टिंब केले आणि तिथून सुरुवात केली. पुढे ती अडल्याचा क्षण मुद्दाम आणते. तीन गुणांच्या प्रश्नात पंधरा मिनिटे गेली आहेत आणि उत्तर जुळत नाही. छातीत धडधड सुरू झाली. ती पेन खाली ठेवते, दोन श्वास सावकाश सोडते, झालेल्या पायऱ्या तशाच ठेवून जागा सोडते आणि पुढचा प्रश्न घेते, कारण पायऱ्यांनाही गुण असतात. दुसरा निर्णय ती याच वेळी घेऊन टाकते. अवयव पाडताना दोन्ही संख्या आणि त्यांची चिन्हे मनात न ठेवता कडेला कच्च्या कामात लिहायची. मनातली जागा अपुरी पडत असेल, तर भार कागदावर टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि त्याला कसलेच मनोबल लागत नाही.

चित्र हाताबाहेर जाते तेव्हा

काही मुलांच्या बाबतीत चित्र स्वतःच वाकडे जाते. उडीचे दृश्य आणायला जावे तर पाय घसरलेलाच दिसतो. अशा वेळी चित्र दामटून पुढे नेऊ नये. डोळे उघडावे, चित्र पुन्हा सुरुवातीला आणावे आणि फक्त पहिली चार पावले पाहावी. ती जमली की सहा. झोपायच्या वेळी हा प्रयोग करू नये, कारण धडधडीसह आणलेले चित्र झोप उडवते. संध्याकाळी अभ्यास किंवा सराव संपल्यावर लगेच करणे सोयीचे. काही जणांना मनात चित्र दिसतच नाही. हा दोष नव्हे. त्यांनी पावलांचा ताल तोंडाने मोजावा, हातांनी मांडीवर वाजवावा किंवा पेपरचा क्रम कागदावर लिहून वाचावा. उपयोग लयीचा आणि क्रमाचा आहे, चित्राच्या स्पष्टपणाचा नाही.

मनातल्या सरावाने बऱ्या न होणाऱ्या गोष्टीही ओळखता यायला हव्यात. नेहमीची धास्ती प्रसंगाच्या जवळ वाढते आणि सामना किंवा पेपर सुरू झाल्यावर काही मिनिटांत उतरते. ती उतरत नसेल, परीक्षा संपल्यावरही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, प्रत्येक पेपराआधी उलट्या होत असतील, श्वास कोंडून हातापायांना मुंग्या येण्याचे झटके येत असतील, किंवा मूल आवडता खेळही टाळू लागले असेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायला हवे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. स्वतःला इजा करण्याचा विचार मुलाच्या बोलण्यात एकदाही आला, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.

सराव उपयोगी पडतो आहे की नाही, हे पदकावरून किंवा टक्क्यांवरून ठरवता येत नाही, कारण त्यांत प्रतिस्पर्धी, वारा आणि प्रश्नपत्रिका यांचाही वाटा असतो. त्याऐवजी वहीत दोन ओळी लिहाव्यात. उडीच्या दिवशी पहिल्या फाउलनंतरची उडी किती भरली आणि सरावातली सरासरी किती होती. पेपराच्या दिवशी येत असूनही चिन्हाच्या किंवा आकड्याच्या चुकीने किती गुण गेले. पहिल्या सत्रात असे सहा गुण गेले आणि पूर्वपरीक्षेत दोन गेले, तर पद्धत लागू पडते आहे. आकडा हलला नाही, तर आधी स्टॉपवॉचने मनातल्या उडीचा वेळ पुन्हा तपासावा, आणि गणिताच्या बाबतीत कच्चे काम खरोखर कागदावर झाले का, ते उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर पाहावे.